इलेक्ट्रिक कारमध्ये ‘हाय व्होल्टेज आयसोलेशन फॉल्ट’: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी हाय व्होल्टेज गाड्यांचं काम करतो, आणि या एका मेसेजबद्दल लोक जे परत परत विचारतात ते इथे एकत्र केलंय. पहिले तीन प्रश्न ओळीने वाचा, बाकीचे तुमच्या गाडीला लागू असतील तेवढे वाचले तरी चालतील.

१. स्क्रीनवर आयसोलेशन फॉल्ट आलंय, म्हणजे नक्की काय झालंय?

आधी साधी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. तिची निगेटिव्ह वायर सरळ गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, म्हणजे बॉडी हीच परतीची वायर. गाडी पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीचं तसं नाही. तिचा प्लस पण बॉडीला जोडलेला नसतो आणि मायनस पण नाही, दोन्ही अधांतरी ठेवलेले असतात. बहुतेक गाड्यांत हे व्होल्टेज ३०० ते ४०० च्या आसपास असतं, काहींत ८०० पर्यंत जातं.

आता हे अधांतरी राहिलंय की नाही हे बघायला गाडीत एक छोटं सर्किट असतं, ते सतत मोजत असतं की हाय व्होल्टेज लाइन आणि बॉडी यांच्यामध्ये किती रेझिस्टन्स आहे. चांगल्या गाडीत हा आकडा मेगाओममध्ये, म्हणजे लाखो ओममध्ये असतो. कुठेतरी इन्सुलेशन खराब झालं, ओल शिरली, एखाद्या पार्टमधून करंट गळायला लागला की आकडा खाली येतो आणि ठरलेल्या रेषेच्या खाली गेला की मेसेज येतो. ही रेषा साधारण दर व्होल्टला ५०० ओम अशी धरतात, नुसत्या डीसी भागासाठी नियमात १०० ओम पण चालतं. म्हणजे ३६० व्होल्टच्या गाडीला ५०० च्या हिशोबाने १ लाख ८० हजार ओम. कंपनीप्रमाणे नेमका आकडा बदलतो.

थोडक्यात करंट बॉडीकडे यायला एक वाट तयार झालीये. कुठून, ते मेसेज सांगत नाही.

२. मग गाडीच्या दाराला हात लावला तर शॉक बसेल का?

फक्त बॉडीला हात लावून नाही बसणार, आणि याच भीतीने लोक दार उघडत नाहीत म्हणून आधी हे सांगतो. करंट वाहायला फेरा पूर्ण व्हावा लागतो, एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाला परत. एकच गळती असेल तर करंट बॉडीपर्यंत आला तरी पुढे परत जायला रस्ता नाही, त्यामुळे तो वाहत नाही. मोठी बॅटरी अधांतरी ठेवण्याचं सगळं कारण हेच आहे, की पहिली चूक झाली तरी कोणी मरू नये आणि गाडीला ती चूक सांगायला वेळ मिळावा.

म्हणजे मेसेज आला तर दार उघडा, उतरा, मुलांना उतरवा, काही होत नाही. अपघात झाला असेल किंवा गाडी पाण्यात असेल तर वेगळं, त्यासाठी प्रश्न ११ बघा.

३. एवढंच आहे तर ऑरेंज केबलला हात लावू नका असं का सांगता? तिच्यावर तर जाड कव्हर असतं

कारण पहिली गळती आधीच झालेली आहे, आणि दुसरी तुम्ही व्हाल.

हिशोब करून दाखवतो. ३६० व्होल्टची गाडी धरा, माणसाचं अंग ओल्या हाताने साधारण १००० ओम धरा. समजा तुमचा एक हात बॉनेटच्या पत्र्यावर टेकलाय आणि दुसऱ्या हाताचं बोट अशा जागी लागलं जिथे ऑरेंज केबलचं तांबं उघडं पडलंय आणि ते प्लस आहे. गाडी चांगली असेल, म्हणजे मायनस ते बॉडी २० लाख ओम असतील, तर तुमच्यातून ०.१८ मिलिअँपिअर जाईल, कळणार पण नाही. मायनसकडची गळती १ लाख ओमवर आली असेल तर साधारण ३.६ मिलिअँपिअर, झटका जाणवू शकतो. पण गळती वाढत वाढत १००० ओमवर आली तर १८० मिलिअँपिअर, आणि मायनस सरळ बॉडीला टेकला असेल तर ३६०. हे हृदय बंद पाडायला पुरेसं आहे.

आता मुद्दा असा की मेसेज चारही वेळा नाही पण शेवटच्या तिन्ही वेळा सारखाच येतो. स्क्रीनवर ‘थोडी गळती’ आणि ‘पूर्ण गळती’ असं लिहिलेलं नसतं. त्यामुळे आकडा माहीत नसताना शेवटचीच केस धरून चालायचं.

कव्हरचं म्हणाल तर चांगलं कव्हर खरंच चांगलं असतं, त्याला नुसतं बोट लागलं म्हणून कोणी मरत नाही. पण फॉल्ट आलाय म्हणजे कुठलं तरी इन्सुलेशन खराब झालंय, आणि ते नेमकं या केबलचं, हिच्या कनेक्टरच्या सीलचं किंवा हिच्या टोकाला असलेल्या पार्टचं आहे का हे बाहेरून दिसत नाही. मी एक केबल बघितलीये जी वरून नवीकोरी होती, पण क्लिपच्या खाली, जिथे ती ब्रॅकेटवर घासत होती तिथे नखाएवढ्या जागेत आतली जाळी दिसत होती, आणि ती जागा बघायला केबल हातात धरून वळवावी लागते. नेमकं तेच करायचं नाहीये.

ऑरेंज रंग उगाच नाही दिलेला. डीसी ६० व्होल्टच्या वर किंवा एसी ३० व्होल्टच्या वर गेलं की गाडीत ते हाय व्होल्टेज धरतात आणि बाहेर दिसणाऱ्या त्या केबलचं आवरण ऑरेंज ठेवतात, म्हणजे बॉनेट उघडणाऱ्या कोणालाही लांबूनच कळावं.

४. चालत्या गाडीत मेसेज आला तर लगेच थांबू का?

घाबरून भर रस्त्यात ब्रेक मारू नका. बऱ्याच गाड्या या फॉल्टवर चालत्या बंद पडत नाहीत, आणि ते मुद्दाम असं केलेलं आहे, कारण एका गळतीपेक्षा वेगात असताना पॉवर जाणं जास्त धोक्याचं. पण एकदा बंद केली की परत चालू होईलच असं नाही, कारण पुढच्या वेळी चालू करताना गाडी आधी आयसोलेशन तपासते आणि नापास झालं तर बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे आतले मोठे स्विच, जोडतच नाही.

म्हणून आधी अशी जागा बघा जिथे टोइंगची गाडी येऊ शकेल, आणि मग बंद करा. स्क्रीनवर ‘लगेच थांबा’ असं लिहिलं असेल, धूर किंवा जळका वास असेल तर मात्र जागेचा विचार करत बसू नका, बाजूला घ्या, उतरा, लांब व्हा. आणि टोइंग फ्लॅटबेडवरच, चाकं रस्त्यावर फिरली की मोटर फिरते आणि फिरती मोटर स्वतः व्होल्टेज तयार करते.

५. बंद करून चालू केली आणि मेसेज गेला. मग झालं ना ठीक?

नाही झालं. आकडा रेषेच्या जरा वर गेला एवढंच. ओलीमुळे आलेला फॉल्ट दुपारी वाळल्यावर जातो आणि पहाटे दव पडलं की परत येतो, हीटर किंवा एसीमधला फॉल्ट बऱ्याचदा तो पार्ट बंद असेपर्यंत दिसत नाही. गाडीच्या मेमरीत मात्र नोंद राहते, बहुतेक P0AA6 हा कोड, सोबत कंपनीचे स्वतःचे एकदोन कोड.

मेसेज गेला तर एक काम करा, तो आला तेव्हा काय काय चालू होतं ते लिहून ठेवा: पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, एसी होता का हीटर, चार्जिंगला होती का, किती मिनिटांनी आला. ही चिठ्ठी आम्हाला कधीकधी अर्ध्या दिवसाचं काम वाचवते, पुढच्या प्रश्नात कसं ते आहे.

६. माझ्या गाडीत फक्त एसी लावल्यावरच येतो, असं कसं?

हा माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा प्रकार आहे म्हणून जरा सविस्तर.

इलेक्ट्रिक गाडीत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, त्याच्या आतच हाय व्होल्टेज मोटर असते. आणि त्या मोटरची वाइंडिंग गॅस आणि ऑइलमध्ये बुडालेली असते. म्हणजे तिथे ऑइल हे नुसतं वंगण नाही, ते इन्सुलेशनचा भाग आहे. म्हणून या कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा पीओई जातीचं, वीज न वाहणारं ऑइल लागतं. पट्ट्यावरच्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये पीएजी ऑइल चालतं, ते वीज वाहू देतं, आणि ते थोडंसं जरी मिसळलं तरी आयसोलेशन कोसळतं.

आमच्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकाने लिहून आणलं होतं की एसी लावल्यावर दहा पंधरा मिनिटांनी मेसेज येतो, एसी बंद ठेवला तर आठवडाभर काही नाही. विचारल्यावर कळलं की दीड महिन्यापूर्वी एका साध्या गॅरेजमध्ये गॅस भरला होता, त्याच मशीनने ते दिवसभर सगळ्या पेट्रोल गाड्या भरतात, आणि मशीनच्या पाइपमध्ये आधीचं ऑइल उरलेलं असतं. नंतर फॉल्ट आला म्हणून दुसरीकडे कॉम्प्रेसर बदलून झाला होता, महाग पार्ट, आणि तीन आठवड्यांत फॉल्ट परत.

आम्ही सिस्टिम बंद करून, थांबून, व्होल्टेज शून्य आहे हे मोजून मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, बॅटरी सोडून बाकीची लाइन मोजली तर १ लाख ४० हजार ओम आले. रेषा १ लाख ८० हजार. मग एकेक पार्ट वेगळा करत गेलो. कूलंट हीटर काढला, आकडा तोच. एसी कॉम्प्रेसर काढला आणि आकडा ३२ लाखांवर गेला. म्हणजे नवीन कॉम्प्रेसरच गळत होता, पण दोष त्याचा नव्हता, जुनं मिसळलेलं ऑइल कंडेन्सरमध्ये आणि पाइपमध्ये तसंच राहिलं होतं आणि फिरून फिरून नव्यात आलं. त्यासाठीच दहा पंधरा मिनिटं लागत होती. शेवटी कॉम्प्रेसर परत बदलावा लागला, कंडेन्सर आणि बाकीचे ऑइल धरणारे पार्ट पण बदलले, मग फॉल्ट थांबला.

तुमचा मेसेज हीटर लावल्यावर येत असेल तर कूलंट हीटरवर पहिला संशय, त्याच्या आतली तापणारी पट्टी आणि कूलंट यांच्यातलं सील जातं. गाडी जोरात पळवल्यावर येत असेल तर मोटर किंवा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी बदलून देणारा पार्ट. पण हे संशय आहेत, घरी तपासायचे नाहीत.

७. १२ व्होल्टची बॅटरी काढली किंवा सर्व्हिस प्लग ओढला की सगळं डेड होतं ना? मग हात लावायला काय हरकत?

हा प्रश्न गाड्यांची कामं स्वतः करणारे लोक विचारतात, आणि सगळ्यात जास्त भीती मला यांचीच वाटते कारण यांना अर्धं माहीत असतं.

१२ व्होल्ट काढलं की कॉन्टॅक्टर उघडतात, आणि सर्व्हिस प्लग हा हाय व्होल्टेज लाइन हाताने तोडायचाच प्लग आहे, हे बरोबर. पण कॉन्टॅक्टर चिकटून बसलेला असू शकतो, मग तो उघडतच नाही. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे व्हायला वेळ लागतो, कंपनीप्रमाणे ५ ते १० मिनिटं थांबायला सांगतात, आणि रिकामं करणारं सर्किटच बिघडलं असेल तर त्याहून जास्त. आणि बॅटरीच्या पेटीच्या आत तर कधीच शून्य होत नाही, सेल भरलेले आहेत ते भरलेलेच राहतात.

म्हणून आम्ही ‘बंद केलं’ यावर काम करत नाही, ‘मोजलं’ यावर करतो. मीटर आधी माहीत असलेल्या व्होल्टेजवर लावून बघायचा, मग गाडीवर मोजायचं, मग परत माहीत असलेल्या व्होल्टेजवर, कारण शून्य दाखवणारा मीटर बंद पडलेला पण असू शकतो. हातात १००० व्होल्टचे रबरी ग्लव्हज, त्यावर चामड्याचे, आणि दरवेळी घालण्याआधी रबरी ग्लव्हजमध्ये हवा भरून भोक आहे का बघायचं. शेजारी दुसरा माणूस उभा. हे सगळं नसेल तर कनेक्टरची क्लिप पण दाबायची नाही, लोड चालू असताना डीसी कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, ती ओढल्यासारखी लांब होत जाते आणि हात, डोळे भाजतात.

८. माझ्याकडे चांगला मल्टिमीटर आहे, नुसतं ओम मोजून बघू का?

नको, आणि मोजलं तरी उत्तर चुकीचं येईल. साधा मल्टिमीटर ओम मोजताना थोड्याच व्होल्टवर मोजतो. कोरडी बारीक भेग त्या व्होल्टेजला गप्प बसते आणि ४०० व्होल्टला उघडी पडते, म्हणून मेगर ५०० किंवा १००० व्होल्ट टाकून बघतो. शिवाय मीटरचे टोक लावायला कनेक्टर उघडावाच लागणार, म्हणजे परत प्रश्न ७.

९. स्कॅनरने कोड क्लिअर केला तर?

कोड वाचा, फोटो काढा, पण पुसू नका. कोडसोबत गाडी त्या क्षणाची माहिती साठवते, व्होल्टेज, तापमान, काही गाड्यांत थेट आयसोलेशनचा आकडा, आणि पुसल्यावर ती जाते. गळती तिथेच राहते.

१०. घरी चार्ज होते पण फास्ट चार्जर नकार देतो, दोष गाडीचा की चार्जरचा?

फास्ट चार्जर सरळ तुमच्या बॅटरीच्या लाइनला जोडला जातो, त्यामुळे तो चार्जिंग सुरू करण्याआधी स्वतःच्या केबलवर व्होल्टेज टाकून आयसोलेशन तपासतो आणि पुढे चार्जिंगभर लक्ष ठेवतो. त्या वेळी गाडीचं मोजणारं सर्किट बाजूला होतं, दोन्ही एकदम मोजायला लागले तर एकमेकांचे आकडे बिघडवतात.

एकाच ठिकाणी नकार आला आणि दुसऱ्या चार्जरवर व्यवस्थित झालं तर बहुतेक त्या चार्जरची गन ओली किंवा खराब. तीन वेगवेगळ्या ठिकाणी नकार आला तर गाडी दाखवा, बऱ्याचदा चार्जिंग पोर्टमध्ये पाणी किंवा माती असते. पोर्टमध्ये बोट, कापड, हवेचा पाइप काही घालू नका. आणि मेसेज गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवर आला असेल तर चार्जर चालतोय का बघायला पण लावू नका.

घरी चार्जिंग लावल्यावर घरातला आरसीडी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडत असेल तर ती वेगळी गळती आहे, मेनच्या बाजूची, म्हणजे घरचा चार्जर, केबल किंवा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर. तो परत परत वर करून बघत बसू नका.

११. गाडी पाण्यात उभी होती, किंवा ठोकली गेली, आणि आता हा मेसेज आहे

इथे वर प्रश्न २ मध्ये दिलेला दिलासा लागू नाही. पाण्यात किंवा धडकेत एकाच वेळी दोन ठिकाणी इन्सुलेशन जाऊ शकतं, म्हणजे दुसऱ्या गळतीसाठी तुमची गरज उरत नाही. मोठ्या धडकेत गाडी स्वतः बॅटरी तोडायचा प्रयत्न करते, पण तुटलीये हे बाहेरून कळत नाही. लोंबणारी किंवा तुटलेली ऑरेंज केबल दिसली तर लोकांना लांब करा, आणि मदतीला येणाऱ्यांना पहिल्या वाक्यात सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे.

बुडालेली गाडी, विशेषतः खाऱ्या पाण्यात, चालू करू नका, चार्जिंगला लावू नका आणि घराला चिकटून ठेवू नका. बॅटरीत शिरलेलं पाणी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पण आग लावू शकतं. इमारती आणि बाकी गाड्यांपासून किमान १५ मीटर लांब, उघड्यावर.

१२. उंदराने ऑरेंज केबल कुरतडलीये, नुसतं वरचं कव्हर गेलंय. टेप लावू का?

नाही. त्या केबलमध्ये मधे तांबं, त्यावर इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी आणि मग ऑरेंज आवरण असं असतं. जाळी बॉडीला जोडलेली असते, आणि उंदराच्या दाताने जाळीची एखादी तार आत टोचली गेली की गळती तिथेच सुरू. टेपने ते झाकलं जातं, पुढच्या माणसाला दिसत पण नाही. अशी केबल कंपन्या सहसा दुरुस्त करू देत नाहीत, अख्खी बदलतात. बॉनेट बंद करा, लांबून काढलेला फोटो पाठवा.

१३. सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरी पॅकच बदला. मान्य करू?

आधी आकडे मागा. बॅटरी वेगळी करून बाकीच्या लाइनचा आयसोलेशन आकडा किती आला, आणि बॅटरी एकटीचा किती आला. बॅटरी सोडून बाकी लाइन खराब असेल तर पॅक बदलून काहीच होणार नाही, दोष हीटर, कॉम्प्रेसर, चार्जर, मोटर, केबल यांच्यात आहे आणि तो एकेक पार्ट वेगळा करून सापडतो, प्रश्न ६ मध्ये सापडला तसा. बॅटरी एकटीच खराब असेल तर विचारा की पेटी उघडून बघितली का, कारण आत कूलंट गळणं, सीलमधून ओल येणं, एका मॉड्यूलची गळती, यातलं बरंच काही अख्खा पॅक न बदलता सुटू शकतं, अर्थात ते करणारी माणसं आणि कंपनीची परवानगी असेल तर. कूलंट सेलपर्यंत पोचला असेल तर मात्र पॅक वाचवायच्या मागे लागू नका.

काम झाल्यावर पण आकडा लिहून घ्या, किती व्होल्टवर मोजला आणि त्या वेळी कुठले पार्ट जोडलेले होते त्यासकट. सहा महिन्यांनी मेसेज परत आला तर तो कागद सोबत आणा.